स्किप लिस्ट लिहिली खरी, पण एक लाख नोंदी टाकायला चाळीस सेकंद लागतात, कुठं चुकतंय?

लॉट_नंबर_४७
नमस्कार मंडळी. तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. मामांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचं गोडाऊन आहे, तिथल्या जुन्या लॉटच्या नोंदी घेऊन मिनी प्रोजेक्ट करलालोय. काम साधं आहे, लॉट नंबर शोधायचा, नवा आला की टाकायचा, माल गेला की काढायचा, आणि मामांना नेहमी लागतं ते म्हणजे "४०,००० ते ४०,२०० मधले सगळे दाखव". सरांनी बॅलन्स्ड ट्री वापरा म्हणून सांगितलं. रेड-ब्लॅक ट्रीमध्ये टाकणं जमलं पण डिलीटमध्ये तीन रात्री गेल्या, एक केस बरोबर केली की दुसरी मोडते. मग एका सीनियरनं सांगितलं की स्किप लिस्ट कर, म्हणजे क्रमानं लावलेली साखळी आणि तिच्यावर मधले नोड गाळत जाणाऱ्या विरळ साखळ्यांच्या लेव्हल, तेवढाच वेग मिळतो आणि रोटेशनची भानगड नाही. एका दुपारीत लिहून झाली, उत्तरंपण बरोबर येतात. पण एक लाख नोंदी चढवायला ४० सेकंद लागतात, उबंटूवर. std::map ला तेवढ्याच नोंदी टाकल्या तर डोळ्याची पापणी लवायच्या आत होतंय. शोधणंपण असंच रेंगाळतंय. स्किप लिस्ट मुळात एवढी हळू असते का माझं काही चुकलं?

सातरस्ता
नोंदी कुठल्या क्रमानं टाकलालास? लॉट नंबर चढत्या क्रमानं असतील तर तेच कारण आहे बघ. सॉर्टेड डेटा टाकला की ट्री एका बाजूला लोंबतं आणि त्याची सरळ दोरी होते, हे दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. फाईल आधी शफल कर आणि मग टाक.

लॉट_नंबर_४७
हो, चढत्या क्रमानंच आहेत. शफल करून बघतो आणि सांगतो.

टॉवेल_अक्कलकोटरोड
माझापण असाच प्रॉब्लेम आहे म्हणून लिहितो. आमच्याकडं तीन हजार आयटमची यादी एक्सेलमध्ये आहे, त्यात जे आयटम बंद झालेत ते स्किप करून बाकीचे पटकन दिसायला पाहिजेत. ही स्किप लिस्ट त्यासाठीच असते ना? पोराकडून करून घेता येईल का, किती खर्च येईल?

अक्का_जुळे_सोलापूर
@टॉवेल_अक्कलकोटरोड दादा, नावानं घोटाळा झाला, ही ती नाही. बंद आयटम लपवायला एक्सेलमधला फिल्टरच लावा, त्याला खर्च काही नाही. आणि तीन हजार म्हणजे फार नाही, यादी क्रमानं लावलेली असली की मधोमध बघत निम्मी निम्मी टाकत गेलं तर जास्तीत जास्त बारा तुलनांत आयटम सापडतो. इथं ज्याची चर्चा चालू आहे ती वस्तू यादीत सारखं टाकणं-काढणं चालू असतं तेव्हा कामाची.

@लॉट_नंबर_४७ शफल करून बघ, पण सातरस्ता म्हणतायत ते कारण साध्या बायनरी सर्च ट्रीचं आहे. स्किप लिस्टला डेटा कुठल्या क्रमानं आला याच्याशी काही देणंघेणं नसतं, नोड किती लेव्हल उंच हे नाणं ठरवतं, छापा आला की एक लेव्हल वर, लॉट नंबर ठरवत नाही. तुझ्याकडून मला एकच गोष्ट पाहिजे, एक लाख नोंदी टाकून झाल्यावर प्रत्येक लेव्हलवर किती नोड आहेत ते मोजून टाक. प्रत्येक लेव्हलच्या साखळीवरून एकदा फिरायचं आणि मोजायचं, दहा ओळींचं काम आहे.

लॉट_नंबर_४७
शफल केल्यावर ४० चे २६ सेकंद झाले. म्हणजे सातरस्ता यांचं थोडंफार बरोबर निघालं की.

आणि अक्का, तुम्ही सांगितलेले आकडे, शफल न करता:

```
L1  100000
L2   38214
L3   38214
L4    9120
L5    9120
L6       0
```

सातरस्ता
बघ, फरक पडला की नाही.

अक्का_जुळे_सोलापूर
फरक पडला, पण का पडला ते खाली सांगते. आधी हे आकडे बघू, कारण रोग यातच दिसतोय.

छापा-काटा प्रामाणिक असेल तर प्रत्येक वरच्या लेव्हलवर खालच्याच्या साधारण निम्मे नोड पाहिजेत. एक लाख, मग पन्नास हजाराच्या आसपास, मग पंचवीस, साडेबारा, सव्वासहा, असं उतरत उतरत सतराव्या लेव्हलपर्यंत कुठंतरी एखादा नोड शिल्लक. तुझी लिस्ट पाचव्या लेव्हललाच संपते आणि तिथंही ९,१२० नोड आहेत, म्हणजे सगळ्यात वरच्या रस्त्यावरच नऊ हजार थांबे. त्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलचा आकडा तंतोतंत एक आहे. ३८,२१४ वेळा नाणं टाकलं आणि प्रत्येक वेळी छापाच आला असा त्याचा अर्थ होतो, आणि तसं होत नसतं. म्हणजे नोड स्वतंत्रपणे नाणं टाकतच नाहीयेत, गठ्ठ्यागठ्ठ्यानं एकच निकाल वापरतायत. तुझं लेव्हल ठरवणारं फंक्शन टाक इथं.

लॉट_नंबर_४७
```
int randomLevel() {
    srand(time(NULL));
    int lvl = 1;
    while (rand() < RAND_MAX / 2 && lvl < 20)
        lvl++;
    return lvl;
}
```

कंबर_तलाव
rand() वापरू नकोस, फार वाईट असतो. std::mt19937 घे, सुटेल.

अक्का_जुळे_सोलापूर
कंबर_तलाव, घ्यायला हरकत नाही, पण हीच ओळ आत ठेवून mt19937 घेतला तर तोही असाच वागेल. दोष पहिल्या ओळीत आहे. time(NULL) पूर्ण सेकंदात उत्तर देतं. एका सेकंदात जेवढे हजार नोड आले त्या सगळ्यांना तेच बी म्हणजे सीड मिळालं, बी तेच म्हणजे पुढचे आकडेही तेच, म्हणून त्या सेकंदातले सगळे नोड एकाच उंचीचे. कुठला सेकंद १ उंचीचा, कुठला ३, कुठला ५, नेमका २ उंचीचा सेकंद एकही आला नाही म्हणून L2 आणि L3 सारखे. चाळीस सेकंदात नाणी पडली फार तर चाळीस वेळा, एक लाख नव्हे.

आता शफलचं. तू चढत्या क्रमानं टाकत होतास तेव्हा एका सेकंदाचा गठ्ठा म्हणजे लागोपाठचे लॉट नंबर, सगळे एका उंचीचे. तिथं वरून खाली आलास तरी काही उपयोग नाही, त्या गठ्ठ्यातून एक एक करतच चालावं लागतं. शफल केल्यावर उंच नोड सगळीकडं विखुरले, त्यामुळं वरच्या रस्त्यानं थोड्या उड्या मारता आल्या, म्हणून २६. पण तो रस्ताही हजारो थांब्यांचाच राहिला, नोंदी दुप्पट झाल्या की तोही दुप्पट होणार. दुखणं तसंच आहे, फक्त वेदना कमी झाल्या.

srand बाहेर काढ, main मध्ये एकदाच. किंवा सरळ असं:

```
static std::mt19937 rng(std::random_device{}());

int randomLevel() {
    int lvl = 1;
    while ((rng() & 1) && lvl < 20) lvl++;
    return lvl;
}
```

सातरस्ता
बरं, मान्य. क्रमाचा संबंध नाही हे मला माहीत नव्हतं. पण मग मला हे सांगा की नशिबावर सोडलेली वस्तू ट्रीच्या बरोबरीची कशी? एव्हीएल ट्री १९६२ पासून आहे आणि ते स्वतःला तोलून धरतं, खात्री देतं. इथं सगळ्यांना काटाच पडला तर?

लॉट_नंबर_४७
हाच प्रश्न मला व्हायव्हाला विचारणार आहेत. सीनियर म्हणाला, सरळ O(log n) लिही.

अक्का_जुळे_सोलापूर
सरळ O(log n) लिहू नकोस, पकडतील आणि बरोबरच पकडतील. "अपेक्षित" हा शब्द हवा. सगळ्यात वाईट केस O(n) च आहे, ती लपवायची नाही. विल्यम प्यू यांनी १९९० मध्ये हे मांडलं तेव्हा शीर्षकातच बॅलन्स्ड ट्रीला संभाव्यतेवर चालणारा पर्याय असं म्हटलंय.

हातानं करून बघू. मी मगाशी चहा घेता घेता बारा लॉट वहीत लिहिले आणि खरोखर दोन रुपयाचं नाणं उडवलं. छापा आला की एक मजला वर, काटा आला की थांब. हे आलं, H म्हणजे साखळीची सुरुवात:

```
L4  H -------------------------> 53
L3  H ---------> 22 -----------> 53
L2  H --> 9 ---> 22 ----> 38 --> 53 -------> 68
L1  H  4  9  15  22  27 31 38 46 53  60  68  75
```

४६ शोधायचाय. वरून सुरू कर. L4 वर पुढं ५३, मोठा आहे, खाली उतर. L3 वर पुढं २२, लहान आहे, जा तिथं. तिथून पुढं परत ५३, खाली उतर. L2 वर २२ च्या पुढं ३८, जा. पुढं पुन्हा ५३, खाली. L1 वर ३८ च्या पुढं ४६, सापडला. सहा वेळा तुलना झाली. खालच्या रस्त्यानं सरळ चालत गेलो असतो तर आठ. बारा नोंदींत हा फरक किरकोळ वाटतो, लाखात तो किरकोळ राहत नाही. आणि बघ, ५३ शी आपण तीनदा तुलना केली. खाली उतरल्यावर पुढचा नोड तोच असेल तर पुन्हा तुलना करायची गरज नाही, तो पॉइंटर लक्षात ठेवला की काम झालं. लॉट नंबर आकडा आहे तोवर याचा फायदा नगण्य, पण किल्ली लांब स्ट्रिंग असेल तर जाणवतो.

आता खर्च किती याचा हिशोब पुढून करायला गेलं तर डोकं फिरतं, उलट्या दिशेनं केला की सोपा होतो. सापडलेल्या नोडपासून मागं चाल. जिथं उभा आहेस तो नोड अजून एक मजला वर जातो का? अर्ध्या वेळा जातो, मग तू वर चढतोस. अर्ध्या वेळा नाही, मग एक पाऊल डावीकडं. म्हणजे मागं जाताना प्रत्येक पावलाला तू नाणंच टाकतोयस. एक मजला चढायला सरासरी किती पावलं? छापा यायला सरासरी किती वेळा नाणं टाकावं लागतं तेवढी, म्हणजे दोन. छाप्याची शक्यता p धरली तर 1/p. मांडायचं असेल तर एवढंच:

```
C(k) = 1 + (1-p)*C(k) + p*C(k-1)
C(k) = C(k-1) + 1/p
C(k) = k/p
```

लाख नोंदींना मजले साधारण १६.६, कारण तेवढ्या वेळा निम्मे केले की एक उरतो. दुप्पट केले की ३३, आणि वरच्या टोकाला जिथं मोजकेच नोड असतात तिथली आणखी दोनेक पावलं. म्हणजे ३५ च्या आसपास. एव्हीएल ट्रीची उंची सगळ्यात वाईट असली तरी log च्या १.४४ पट, लाखाला २४ च्या आसपास. म्हणजे पावलं मोजली तर स्किप लिस्ट ट्रीच्या पुढं नाही, मागंच आहे. कोणी ती ट्रीपेक्षा वेगवान असते असं सांगत असेल तर हा हिशोब समोर ठेव.

सातरस्ता, तुमच्या प्रश्नाकडं येते. लाखच्या लाख नोडांना पहिल्याच फटक्यात काटा पडायची शक्यता म्हणजे अर्ध्याचा एक लाखावा घात, त्याची काळजी करायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की नशीब नाण्याचं आहे, डेटाचं नाही. साध्या ट्रीत वाईट केस तुमच्या फाईलीतून येते आणि सॉर्टेड फाईल तर रोजच येते. इथं वाईट केस यायला नाणंच रुसायला पाहिजे.

कंबर_तलाव
अक्का, एक खोच आहे. नाणं माझं असलं तरी उंची कुणाला कळली तर? मी तुमच्या लिस्टमधले L2 आणि त्यावरचे सगळे नोड शोधून शोधून डिलीट केले, तर उरलेली लिस्ट सपाटच होणार की.

अक्का_जुळे_सोलापूर
अगदी बरोबर पकडलंत. वहीतल्या लिस्टमधून ९, २२, ३८, ५३, ६८ काढा, फक्त खालची साखळी उरते. सगळी मांडणी एका अटीवर उभी आहे, काय टाकायचं-काढायचं हे उंची न बघता ठरलेलं असलं पाहिजे. मामा लॉट काढतात ते माल विकला गेला म्हणून, तो नोड उंच आहे म्हणून नाही. तेवढं असलं की डिलीटनंतर उरलेल्या नोडांची नाणी पूर्वीसारखीच स्वतंत्र राहतात, आणि म्हणूनच काही तोलायला लागत नाही. ४७, तुझ्या त्या तीन रात्री इथं वाचतात. रेड-ब्लॅकमध्ये काढल्यावर झाडाला पुन्हा नियमात बसवावं लागतं, इथं प्रत्येक लेव्हलवरचा मागचा नोड पकडून पॉइंटर पुढं जोडला की झालं.

धोका खरा होतो तो बाहेरचा माणूस विनंत्या पाठवू शकतो अशा सर्व्हरवर. बी कायम एकच ठेवलं असेल, समजा चाचणीसाठी १२३४५ घातलं आणि तसंच राहिलं, तर कुणीही घरी बसून उंच्या आधीच काढू शकतो. म्हणून बी बाहेर कळू द्यायचं नाही.

लॉट_नंबर_४७
अक्का, srand ची ती ओळ उडवली आणि तुम्ही दिलेलं घातलं. एक लाख नोंदी, चढत्याच क्रमानं, एका सेकंदाच्या आत!! आकडे:

```
L1  100000
L2   50112
L3   24987
L4   12530
L5    6241
...
L17      1
```

प्रत्येक लॉट एकदा शोधून पावलं मोजली, आडवी अधिक खाली. सरासरी ३३ आली, सगळ्यात जास्त ५८. शफल करून केलं तरी जवळपास तेच. आणि ४०,००० ते ४०,२०० साठी ४०,००० पर्यंत उतरलो आणि L1 वरून नुसतं चालत गेलो, रेड-ब्लॅकमध्ये यासाठी वर-खाली करत पुढचा नोड शोधायला लागायचा.

एक शंका राहिली. रेडिसचा सोर्स बघितला तर तिथं छाप्याची शक्यता, ZSKIPLIST_P, ०.२५ आहे. अर्धा का नाही?

कंबर_तलाव
मेमरी. अर्ध्याला प्रत्येक नोडमागं सरासरी दोन पॉइंटर लागतात, पावला एक पूर्णांक तेहतीस शतांश. लेव्हलडीबीतपण चारात एकच वर जातो.

सातरस्ता
मग शोधायला जास्त वेळ लागणार ना, मजले कमी म्हणजे प्रत्येक मजल्यावर जास्त चालायचं.

अक्का_जुळे_सोलापूर
चालायचं जास्त, पण मजले निम्मे. p पाव असेल तर एका मजल्याला चार पावलं, मजले ८.३, गुणाकार पुन्हा ३३ च येतो. गंमत म्हणजे सगळ्यात कमी पावलं अर्ध्याला नाही, 1/e ला, म्हणजे ०.३७ च्या आसपास येतात, पण फरक सहा टक्क्यांच्या आतबाहेरचा. पावचा तोटा दुसरा आहे, सरासरी तीच राहते पण फैलाव वाढतो, म्हणजे तुझं ते ५८ आणखी वर जाईल. एखाद्या शोधानं जास्त वेळ खाल्लेला चालणार नसेल तर अर्धाच ठेव.

कंबर_तलाव
मला हे एवढं पटत नाही. पावलं सारखी असली तरी वेळ सारखा नसतो. प्रत्येक उडी म्हणजे मेमरीत कुठंतरी लांब जाणं, कॅशमध्ये नसलं की थांबा. नोड लहान झाले की जास्त नोड कॅशमध्ये बसतात, त्यामुळं पाव प्रत्यक्षात वेगवान निघू शकतो. खरं तर एवढ्याच कामाला बी-ट्री लिहिला तर दोघांनाही मागं टाकेल असं मला वाटतं, एका नोडमध्ये डझनावारी किल्ल्या शेजारीशेजारी असतात.

अक्का_जुळे_सोलापूर
बी-ट्रीबद्दल एकाच थ्रेडवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मी तुमच्याशी भांडणार नाही. पण अनेक थ्रेड एकदम लिहितात तिथं स्किप लिस्ट सोपी जाते, बदल दोनचार पॉइंटरांपुरता राहतो, रोटेशनसारखा वरपर्यंत पोचत नाही. जावामध्ये ConcurrentSkipListMap आहे, क्रमानं लावलेला आणि समांतर चालणारा मॅप म्हणून त्यांनी ट्री न घेता हीच घेतली. पाव की अर्धा हे मात्र ४७ च्या मशीनवर मोजल्याशिवाय मी बोलणार नाही, कॅशचं म्हणणं बरोबर असू शकतं.

टॉवेल_अक्कलकोटरोड
फिल्टर लावला ताई, जमलं. धन्यवाद. बाकी सगळं डोक्यावरून गेलं पण वाचलं मात्र पूर्ण.

लॉट_नंबर_४७
नोडमध्ये मी वीस पॉइंटरचा ॲरे कायमचा ठेवलाय, उंची काही असो. म्हणजे p बदलूनही मेमरी तेवढीच राहणार, मोजायच्या आधी ते बदलायला पाहिजे ना?

अक्का_जुळे_सोलापूर
हो की! मग कॅशचाही फरक दिसणार नाही. उंचीएवढेच पॉइंटर देऊन नोड घे, मग अर्धा आणि पाव दोन्ही चालव. एक लाखावर नको, ते बऱ्यापैकी कॅशमध्येच बसेल, पन्नास लाख खोटे लॉट बनव, शफल करून टाक आणि शफल करूनच शोध. उंचीची मर्यादा अर्ध्याला वीसवरून तेवीस-चोवीस कर.

लॉट_नंबर_४७
आज रात्री लावतो. उद्या संध्याकाळी आकडे टाकतो इथंच.

सातरस्ता
पन्नास लाखावर std::map पण चालव बे, तिघांचे आकडे शेजारीशेजारी दे. मला अजून ट्रीच जिंकेल असं वाटतंय.